बाजारात वाजवायचे वेगळे

सुकेशनीच्या स्टुडिओच्या भिंतींवर तीन घोंगड्या टांगलेल्या होत्या. स्टुडिओ म्हणजे सिडकोतल्या भाड्याच्या घराची मागची खोली. आवाज घुमू नये म्हणून लोक भिंतींना महागडा फोम लावतात. सुकेशनीनं आईला फोन केला आणि बानाबाईनं सिल्लोडकडच्या गावाहून एसटीनं घोंगड्या पाठवल्या. काळी घोंगडी आवाज बरोबर गिळते. पावसाळ्यात खोलीला मेंढ्यांचा वास येतो, पण वास काही रेकॉर्ड होत नाही.

त्या लोकरीच्या मेंढ्या तिच्या वडिलांच्या, बिरूआबांच्या. मुलगी फिल्मांना आणि जाहिरातींना आवाज देते याचा आबांना राग नव्हता. विश्वास नव्हता. "बोलायचे पैशे मिळले असते तर तुझ्या मायनं आतापस्तोर बंगला बांधला असता," एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगी शहरात काहीतरी नोकरी करते आणि लाजेखातर सांगत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तिनं सांगितलेली एकही गोष्ट त्यांनी आजवर ऐकली नव्हती. मोतीबिंदू काढा म्हणाली, तर डोळा पिकला की बघू म्हणाले. यात सुकेशनीला काय वाटायचं? वाईट वाटायचं. पण वाईट वाटून उपयोग नसतो हेही तिला ठाऊक होतं.

अशात तिच्याकडं ऋतुराज आला. चितेगावला पशुखाद्याचा कारखाना. जमीन वडिलांची, कर्ज बँकेचं आणि कल्पना सगळ्या त्याच्या. त्याला आपल्या विक्रेत्यांना शिकवण्यासाठी मराठी फिल्म करायची होती. पोती कशी ठेवायची, कोणत्या जनावराला किती घालायचं, असली.

"मिनिटाचा रेट कळला," तो म्हणाला. "पण मॅडम, मिनिट कोणतं?"

"तयार मिनिट. चुका, खाकरणं, कुत्र्याचं भुंकणं सगळं कापून जी फाईल तुमच्या हातात येईल तिची लांबी."

"म्हणजे तुम्ही दोन तास बसलात तरी?"

"फाईल अकरा मिनिटांची, तर बिल अकराचं. माझी चूक झाली तर परत वाचायचे पैसे नाहीत. तुम्ही नंतर मजकूर बदललात तर आहेत."

ऋतुराज खूश झाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि रेकॉर्डिंगला तो जातीनं येऊन बसला. "थोडं भरभर वाचलं तर नवात बसेल का?" असं त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं हळूच विचारलं, "मध्ये मध्ये श्वास घेता, तोही बिलात येतो का?"

"येतो. श्वास न घेता वाचणारं कुणी सापडलं तर मलाही कळवा."

करारात आणखी दोन गोष्टी होत्या. दुसऱ्या भाषेत हवं असेल तर ते नव्यानं रेकॉर्डिंग, त्याचं वेगळं बिल. आणि ही फिल्म विक्रेत्यांच्या बैठकीपुरती. हाच आवाज जाहिरातीला वापरला, मग तो रेडिओवर असो की जीपवरच्या भोंग्यात, तर त्याची फी वेगळी, तीही ठरावीक मुदतीसाठी.

"आवाज तोच, फाईल तीच. मग पैसे दोनदा कशाचे?" ऋतुराजनं विचारलं.

"वापर बदलला की फी बदलते," सुकेशनी म्हणाली. हे उत्तर तिनं या धंद्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकलं होतं. खरं सांगायचं तर तिलाही त्याचं नीटसं कारण माहीत नव्हतं. सगळे लावतात म्हणून तीही लावायची. ऋतुराजनं 'मान्य' असा मेल केला, कारण जाहिरात करायचा त्याचा विचार त्या दिवशी तरी नव्हता.

फिल्ममध्ये शेवटाकडं एक इशारा होता. "हे खाद्य गाई-म्हशींसाठी आहे. यातलं तांबं मेंढ्यांना सोसत नाही. ते त्यांच्या अंगात साठत जातं. वरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी मेंढी एकाएकी मरते." या ओळींवर सुकेशनी अडखळली. धनगराच्या पोरीची जीभ 'मेंढी मरते' म्हणायला तयार होईना. तिसऱ्या वेळी ते जमलं. आधीच्या दोन वेळा फुकट गेल्या.

महिन्याभरानं आबांचा फोन आला. आबा आपणहून फोन करत नसत, त्यामुळं ती उभीच राहिली.

"सुके, तुझं खाद्य आनलं बरं का."

"माझं कोणतं?"

"आता गं. सिल्लोडच्या बाजारात जीपवर तूच तं सांगायलीस. दोन महिन्यांत जनावर भरतं मनून. म्या मनलं, पोरगी येवढ्या खात्रीनं सांगती तं खोटं कशाला सांगन. दोन मेंढे इकले अन् धा पोती आनली."

सुकेशनीला आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. जन्मात पहिल्यांदा आबांनी तिचं ऐकलं होतं. मग तिला ते वाक्य आठवलं. फिल्ममध्ये ते होतं, 'शेतकऱ्याला खात्रीनं सांगा, दोन महिन्यांत जनावर भरतं.' कुणीतरी पहिले शब्द कापले होते. इशारा तर अख्खाच कापला होता.

"आबा, ते मेंढ्यांना घालू नका."

"कामून? आठ दिस झाले घालायलो. लई झकास दिसायल्यात."

"वरून दिसत नाय. त्यात तांबं असतं. मेंढ्या मरतात."

"मंग बाजारात खोटं बोललीस?"

"मी बाजारात बोललेच नाय, आबा."

"या कानानं ऐकलं म्या. तिथं कशी ठासून बोलत व्हतीस. आता घाबरल्यावानी करायलीस." आणि आबांनी फोन ठेवला. तिनं परत लावला, तर आबा मेंढ्यांकडं गेले होते आणि फोन बानाबाईकडं होता. "मी सांगते गं," बानाबाई म्हणाली, "पन ते जीपीचंच धरून बसलेत."

आता आली का पंचाईत. घरचा आवाज आबा मानत नव्हते आणि कामाचा आवाज जीपवर बसून भलतंच सांगत होता. सुकेशनी खोलीत गेली. फिल्मची फाईल तिच्याजवळ होती, पण ती ऋतुराजनं घेतलेली; तिचा तुकडा परस्पर पाठवणं तिच्या तत्त्वात बसेना. बापाच्या मेंढ्या मरायला टेकल्या तरी हिचं तत्त्व जागेवर, अशी ही मुलगी. तिनं दार लावलं, घोंगड्या सारख्या केल्या, पाणी प्यायली आणि नव्यानं, स्वतःच्या शब्दांत, कामाच्या आवाजात रेकॉर्ड केलं. "पशुपालकहो, जीपवर सांगितलेलं खाद्य गाई-म्हशींसाठी आहे. मेंढ्यांना घालू नका." पुढं कारण सांगितलं. सगळं मिळून तयार अर्धं मिनिट. श्वास सगळे जिथल्या तिथं. ते तिनं बानाबाईच्या मोबाईलवर पाठवलं.

संध्याकाळी बानाबाईच्या फोनवरून आबा बोलले. "आयकलं. बंद केलं. पोती म्हशीकडं टाकली." आणि वर, "हे अदुगर असंच नीट सांगायचं ना."

जनावरांच्या डॉक्टरनं येऊन रक्त नेलं. वेळेत थांबवलंय असं वाटतं, म्हणाला, पण काही दिवस धाकात काढावे लागतील. सुकेशनीनं ते धाकातच काढले आणि त्याच धाकात ऋतुराजला जाहिरातीच्या वापराचं बिल पाठवलं.

त्याचा लगेच फोन. "मॅडम, त्या अकरा मिनिटांतलंच वाक्य आहे. त्याचे पैसे दिलेत की."

"ते वाचायचे दिलेत. हे वेगळे."

"कशाचे पण?"

या वेळी तिला उत्तर पाठ करायची गरज नव्हती. "माझा आवाज ऐकून लोक खिशात हात घालतात, त्याचे. माझ्या बापानं घातला. मेंढपाळ माणूस आहे, तुमचं खाद्य आठ दिवस मेंढ्यांना चारलं."

"आम्ही मेंढ्यांना घाला कुठं म्हटलं?"

"घालू नका म्हटलेलं तुम्ही कापलंत."

ऋतुराज बघतो म्हणाला. असे लोक बघतो म्हणाले की काही बघत नाहीत, पण पुढच्या बाजारच्या दिवशी त्याचा पुन्हा फोन आला आणि आवाज जरा पातळ झाला होता. "मॅडम, सिल्लोडला काय चाललंय? आमची जीप उभी आहे आणि समोरच्या चहाच्या टपरीवरून तुमच्याच आवाजात उलटं सांगताहेत. एक मुंडासेवाले म्हातारे टपरीच्या स्पीकरला मोबाईल जोडून बसलेत. लोक ड्रायव्हरला विचारायलेत, नेमकं खरं कोणतं."

"ती फाईल माझी आहे. मी वडिलांना घरगुती वापरासाठी दिली होती."

"मग ती बाजारात कशी?"

करार तर आबांनीही मोडला होता. "त्यांच्याशी मी बोलते," ती म्हणाली. "तुमचं काय ते सांगा."

दोन दिवसांनी ऋतुराज सिडकोत येऊन घोंगड्यांमध्ये बसला. झालेल्या वापराचे पैसे दिले. नवी जाहिरात ठरली: जीपवर, सहा महिने, इशाऱ्यासकट. सिल्लोडच्या बाजारासाठी हिंदीतूनही हवी होती, आणि टीव्हीवरची नको, आपल्या इकडची हवी होती.

"आपल्याकडची हिंदी म्हणजे अर्धी मराठीच," तो म्हणाला. "अर्ध्या भाषेचे अर्धे लावा."

"वाचताना मी अर्धी बसत नाही."

"बरं. निदान इशारा तरी भरभर वाचा."

"जाहिरात वाटल्यास भरभर वाचते. इशारा सावकाश." आणि तसाच वाचला. या वेळी ती 'मेंढी मरते' वर अडखळली नाही.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. डॉक्टर पुन्हा येऊन गेला होता. मेंढ्या सगळ्या जागेवर होत्या, एकही दगावली नव्हती. सुकेशनी तिथंच फरशीवर बसली आणि थोडं रडली. आबांनी तेवढा वेळ फोन धरून ठेवला. मग म्हणाले, "तुझी माय सांगत व्हती, बाजारात वाजवायचे येगळे पैशे अस्त्यात मनं."

"व्हय. असतात."

"म्या आख्खा बाजार वाजवलं तुझं. न इचारता. किती झाले?"

सुकेशनीनं तोंड उघडलं, पण रेट सांगता येईना. इतक्या वर्षांत आबांनी तिच्या कामाचा भाव कधी विचारला नव्हता, त्यामुळं तो ठरवायची वेळच आली नव्हती.

"एक घोंगडी पाठवा," ती म्हणाली. "दाराला नाय माझ्या."

"पाठवतो," आबा म्हणाले. "पन पावती दे."