हो, नाही, संबंध नाही

गणपतराव चव्हाणांनी तीस वर्षं कुस्तीच्या मैदानात पंच म्हणून काम केलं, आणि त्या तीस वर्षांत कुणी त्यांचे आभार मानले नाहीत. पंचाचे आभार मानायची रीतच नाही. हरलेला शिव्या घालतो, जिंकलेल्याला वाटतं हे तर व्हायचंच होतं. गणपतरावांना ते मान्य होतं. पुढं किडन्यांनी हात टेकले आणि सगळं गावच त्यांच्याशी गोड बोलायला लागलं, तेव्हा मात्र त्यांना कळून चुकलं, आपलं काही खरं नाही.

मुलगा उदयसिंह बारावीपासून बापाच्या एकाही वाक्याला मान डोलवत नव्हता. तो आता उठता-बसता "बरोबर हाय आबा" म्हणायचा. नातू कॅरमच्या पाटावर सोंगटी भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायचा आणि स्वतःचा नेम चुकवायचा. बांधावरून बारा वर्षं कोर्टात भांडणारा चुलतभाऊ शहाळं घेऊन भेटायला आला. किडनीच्या पेशंटला शहाळं चालत नाही, हे त्याला ठाऊक नसावं, असं धरून चालायचं गणपतरावांनी ठरवलं. तरी मनातून त्यांना तोच एकटा पहिल्यासारखा वाटला.

डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. दवाखान्याचा दुसरा मजला, चार खाटा, चार मशीन, चार तास. एका गुरुवारी अफसानानं डाव्या हातात पहिली सुई घातली, चिकटपट्टी लावली, आणि दुसरी सुई उचलली तसे गणपतराव हळूच म्हणाले, "पोरी, शनिवारपासून माझी खाट दुसऱ्या कुणाला तरी दे."

"गावाला चाललायसा?"

"न्हाय. बास झालं. घरी बोलू नगंस."

अफसाना तिथली टेक्निशियन. मुल्लांची पोर, वय सव्वीस, हात इतका हलका की सुई गेल्याचं तिनं सांगावं तेव्हा कळावं. मशीन बंद केलं की माणूस किती दिवस काढतो, हे तिला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. तिनं दुसरी सुई घातली, नळ्या जोडल्या आणि मगच बोलली.

"डॉक्टरांना सांगावं लागंल, आबा. ते मी लपवणार न्हाय."

"सांग की. चार तास हायत."

ती बाहेर जाऊन फोन करून आली. डोळे जरा लाल होते. गणपतरावांनी छताकडं बघितलं. हीसुद्धा आता गोड बोलणार, असं त्यांना वाटलं.

समोरच्या खाटेवरून शालूबाई ओरडल्या, "अगं अफसाना, आज कोडं हाय का न्हाय? का नुसतं रगात धूत बसायचं?"

शालूबाई पेठ वडगावच्या. बाजारात भाजी विकून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की, त्यांची कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जायची. तिसऱ्या खाटेवर विश्वजित, बँकेतला, चाळिशीचा. चौथी खाट रिकामी.

कोड्यांची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी टीव्हीवरून झाली होती. शालूबाईंना मालिका हवी, विश्वजितला क्रिकेट, आणि गणपतरावांना टीव्ही बंद हवा. अफसानानं टीव्ही बंद केला आणि होस्टेलात शिकलेला खेळ काढला. ती एक विचित्र प्रसंग सांगायची. असं का झालं, ते पेशंटांनी शोधायचं. प्रश्न असे विचारायचे की उत्तर हो किंवा नाही असं देता यावं. तिसरं उत्तर 'संबंध नाही', म्हणजे त्या वाटेनं जाऊन काही हाती लागणार नाही. आणि प्रश्नातच एखादी खोटी समजूत गृहीत धरलेली असली तर ती म्हणायची, "प्रश्नातच गडबड हाय." कोडं आधी ऐकलेलं असलं तर गप्प बसायचं. मोबाईल उशीखाली. हा नियम खास विश्वजितसाठी होता.

"ऐका," अफसाना म्हणाली. "एका माणसानं सिनेमाचं तिकीट काढलं. पहिल्या रांगेत बसला. पण सगळा सिनेमा पडद्याकडं पाठ करून काढला. बाहेर आला आणि म्हणाला, पैसे वसूल. का?"

"आंधळा व्हता?" शालूबाई.

"नाही."

"यात कुठं गुन्हा, चोरी, मारामारी?" विश्वजित.

"नाही."

"दारू प्यालाता?" गणपतराव.

"नाही."

"सिनेमा भिकार व्हता म्हणून पाठ केली?" शालूबाई.

"संबंध नाही."

"सिनेमात काय चाललंय हे त्याला आधीच माहीत होतं?" विश्वजितनं विचारलं.

"हो," अफसाना म्हणाली. या 'हो'वर ती जराशी थांबली. उत्तर महत्त्वाचं असलं की ती अशी थांबायची. त्यापेक्षा जास्त भुवईसुद्धा हलवायची नाही. गणपतरावांना तिचं हेच आवडायचं. चांगल्या पंचाचा चेहरा बघून कोण जिंकतंय ते कळता कामा नये.

अर्धा-पाऊण तास गेला. बायको रुसली होती का, संबंध नाही. मान आखडली होती का, नाही. मधेच गणपतरावांनी तावातावानं डावा हात वाकवला आणि मशीन बोंबलायला लागलं. अफसानानं येऊन हात सरळ केला, बीपी बघितलं. तिघंही अडकले होते.

"क्लू पाहिजे?" तिनं विचारलं. विचारल्याशिवाय ती क्लू कधी द्यायची नाही.

"थांब," गणपतराव म्हणाले. "माझ्या ध्यानात आलं. त्यो साध्या कपड्यातला पोलीस. मागं पाकीटमार बसलाय, त्याच्यावर नजर ठेवून हाय."

अफसाना गणपतरावांकडं बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "बरोबर, आबा. जिंकलासा."

विश्वजितनं मोकळ्या हातानं मांडीवर थाप मारली. शालूबाई नाइलाजानं म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून भुस्सा भरला न्हाय म्हणायचा."

गणपतराव हसले नाहीत. निकाल बरोबर लागला का, हे त्यांनी एकेक सवाल मागं जात तपासलं. तीस वर्षांची सवय.

"विश्वजितनं दुसरा सवाल केलता," ते म्हणाले. "गुन्हा, चोरी हाय का. तू म्हणालीस, न्हाय."

अफसानानं त्यांच्या नळ्या उगाच तपासल्या.

"पाकीटमारी चोरीत येत न्हाय व्हय?"

"आबा..."

"नुरा कुस्ती म्हणत्यात ह्येला," गणपतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आधी ठरवून एकानं पडायचं. असले दोन पैलवान मी भर मैदानातनं हाकलून दिल्यात. घरात नातू तेच करतंय, पोरगा तेच करतोय. म्हटलं, एवढी एक खोली बरी हाय, हितं मला कुणी सूट देत न्हाय. आता हितंबी मी मेलेलाच."

 

अफसाना स्टूल ओढून खोलीच्या मधोमध बसली, तिघांना दिसेल अशी.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तिघांसमोर सांगते. पोलीस हे उत्तर न्हाय. त्याच्याआधी दिलेली सगळी उत्तरं खरी हायत, ती तशीच धरा. तेवढं एक खोटं होतं, ते खोडा."

"का बोललीस खोटं?" शालूबाईंनी विचारलं.

अफसानानं गणपतरावांकडं बघितलं. ते म्हणाले, "सांग."

"आबा शनिवारपासून येणार न्हाय म्हणाले. मला वाटलं, जाताना एकदा जिंकून जाऊ देत."

शालूबाईंनी गणपतरावांकडं मान वळवली. "येणार न्हायसा? आणि सांगणार कधी हुतासा? तेराव्याला?"

गणपतरावांना कितीतरी महिन्यांत असं कुणी बोललं नव्हतं. त्यांना एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

"ते मागनं," ते म्हणाले. "डाव अर्धा हाय. क्लू दे, पोरी. खरा."

अफसानानं आधी हिशेब मांडला. आंधळा नाही. नशेत नाही. गुन्हा नाही. सिनेमा चांगला का वाईट, संबंध नाही. सिनेमात काय आहे ते त्याला आधीच ठाऊक. एवढं सांगून ती थांबली, कारण कधीकधी एवढ्यानंच कुणाला तरी सुचतं आणि क्लू वाचतो. कुणाला सुचलं नाही.

"मग हा लहान क्लू," ती म्हणाली. "तुम्ही सगळे त्या माणसाबद्दलच विचारताय. त्याच्या नजरेसमोर काय होतं, ते एकानंही विचारलं न्हाय."

गणपतरावांनी डोळे मिटले. उत्तर तिनं सांगितलं नव्हतं. तिनं फक्त कुठली बाजू मोकळी आहे ते दाखवलं होतं. पायाला धरून पट त्यांनाच काढायचा होता.

"त्याच्यासमोर मागच्या रांगा," ते म्हणाले. "त्यात त्याच्या वळखीचं माणूस हुतं?"

"हो."

"त्या माणसाचं तोंड बघायला त्यो बसलाता? सिनेमा बघताना कसं हुतंय ते?"

"हो." यावेळी ती चांगली थांबली.

गणपतरावांना प्रतिस्पर्ध्याची कंबर हातात आल्यासारखं झालं. "म्हंजे सिनेमा त्यानंच काढलेला. आणि मागं बसलाय त्यो पैसा लावणारा शेठ."

"नाही. दोन्ही नाही."

"सिनेमा त्यानं काढला न्हाय," शालूबाई सावकाश म्हणाल्या. "पण अफसाना, त्यो सिनेमात हुता काय? एखादा बारका पार्ट?"

"हो."

"मागं त्याची आई," शालूबाई म्हणाल्या. "ल्योक पडद्यावर आलेला तिनं पहिल्यांदाच बघितला. त्याला सोताचं काम ठावंच हाय की. त्याला आईचं तोंड बघायचं हुतं."

"हो," अफसाना म्हणाली. "हेच उत्तर. पूर्ण."

शालूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच गणपतरावांकडं बघून म्हणाल्या, "चितपट."

गणपतराव हरले होते. कंबर त्यांनी धरली, पट त्यांनी काढला, आणि शेवटच्या क्षणी घाईत शेठ घुसवून डाव शालूबाईंच्या हातात दिला. घाईनं हरलेले पैलवान त्यांनी आयुष्यभर बघितले होते. त्यातला एक होऊन पडायला काय वाटतं, हे आज कळलं. छातीत जळत होतं. भूकही लागली होती.

तीन वाजता डॉक्टर येऊन खाटेशी बसले. त्यांनी गोड बोलायला सुरुवात केली तेव्हा गणपतरावांनी त्यांना मधेच थांबवलं. "मला सरळ उत्तरं पाहिजेत," ते म्हणाले. "औषधानं अंगाची खाज कमी हुईल का? चार तासांनंतर जो थकवा येतो, त्यो कमी करता येतो का? पाणी मोजूनच प्यायचं, ते तसंच राहणार का?" पहिल्या दोन प्रश्नांना डॉक्टर जरा विचार करून हो म्हणाले. तिसऱ्यालाही हो म्हणाले, आणि ते ऐकायला वाईट असूनही गणपतरावांना पटलं.

सुया निघाल्या. अफसाना कापूस दाबून उभी राहिली. रक्त थांबेपर्यंत काही मिनिटं तसंच दाबून धरावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बोलण्यासारखं काही नसलं तर माणसं खिडकीकडं बघतात. गणपतरावांनी खिडकीकडं बघितलं. आभार कसे मानतात हे त्यांना नीटसं माहीत नव्हतं. त्यांना ते कधी मिळालेच नव्हते.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "आज लय दिवसांनी कुणीतरी मला पाडलं."

"मी कुठं, शालूबाईंनी."

"तिनं पाडलं. पण मैदान तू साफ केलंस. एवढ्या लोकांत चूक कबूल करायला मलाबी कधी जमलं न्हाय. तीस वर्षांत चार निकाल चुकलेत माझे. कुणाला सांगितलं न्हाय."

अफसानानं कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. तिनं पट्टी बांधली.

"शनिवारी सकाळची पाळी हाय का दुपारची?" गणपतरावांनी विचारलं.

"दुपारची."

"कोडं मी घालीन. सापडलं न्हाय तर शालूबाईला क्लू माझ्याकडं मागावा लागंल."

"मागते की," शालूबाई पलीकडून म्हणाल्या. "आधी या तरी."