वीस सेकंद थांबणारी पाहुणी

ताईकडे ती आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, त्याला आता दोन वर्षं होत आली. आधीची कंपनी बुडाली, भाड्याची खोली सुटली, आणि ताई म्हणाली, "ये गं, वरची खोली रिकामीच आहे." खाली ताई-भावोजींचा छापखाना, वर घर. पहिल्याच दिवशी भावोजींनी विचारलं, "काय पाहुणी, किती दिवस मुक्काम?" विनोद होता. निदान ताई तसं म्हणाली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कटिंग मशीनवरचा कारागीरही तिला पाहुणीबाई म्हणू लागला. तिला ते दर वेळी टोचायचं, आणि दर वेळी ती हसायची.

फुकटचं खायचं नाही म्हणून तिने एक काम अंगावर घेतलं. छापखान्याचा जीव कागदात. कागदाच्या पाच गिरण्या आपापले भाव वेबसाइटवर लावतात, कोणीही बघावेत असे. भावोजी ते आठवड्यातून एकदा, चष्मा कपाळावर ठेवून, बघायचे. म्हणजे बघायचे नाहीत. तिने एक प्रोग्राम लिहिला. तो सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाचही गिरण्यांच्या पानांवर जायचा, भाव उचलायचा, कालच्या भावाशी ताडून बघायचा, आणि फरक असेल तरच भावोजींच्या फोनवर निरोप धाडायचा.

त्याला तिने रीतभात शिकवली होती. प्रत्येक साइट प्रोग्रामांसाठी दाराशी एक पाटी लावून ठेवते, इथे या, तिथे येऊ नका. ती पाटी आधी वाचायची. एक पान झालं की वीस सेकंद थांबायचं, मग दुसरं. आणि जाताना नाव सांगायचं: अमुक छापखाना, काही त्रास झाल्यास या नंबरावर फोन करावा. नंबर तिचा स्वतःचा.

"वीस सेकंद?" भावोजी म्हणाले होते. "भाव बघायला चाललाय की सोयरीक जुळवायला?"

"अहो, त्यांचं मशीन बारकं असतं. एकदम दहा जण घुसले की गुदमरतं."

"आपलं काय जातंय?"

तिने वीस सेकंद तसेच ठेवले.

पहिले काही महिने मात्र त्या प्रोग्रामने उच्छाद मांडला. पानावरची तारीख बदलली, निरोप. जाहिरात बदलली, निरोप. "आजवर इतक्या जणांनी भेट दिली" हा आकडा एकाने वाढला, निरोप. भावोजी जेवताना फोन उलटा घालून ठेवायला लागले. तिने एकेक करून ही सगळी फोलपटं पाखडून टाकली. तरी नदीकाठच्या गिरणीचा त्रास संपेना. तिथे कोणीतरी हौशी माणूस बसलेला होता. सोमवारी कागदाचं वर्णन "उत्तम पांढरा", बुधवारी "अतिउत्तम पांढरा", शुक्रवारी "सर्वोत्तम शुभ्र". भाव तोच. शुक्रवारी भावोजींनी पोळीचा घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "पाहुणी, तुझ्या या यंत्राला सांग, भाव बदलला तरच तोंड उघड. नाहीतर मी याला गिरणीतच नांदायला पाठवतो."

तिने त्याच रात्री वर्णनाचा मजकूर वगळून टाकला. फक्त भावाचा आकडा बघायचा. त्यानंतर शांतता झाली, आणि त्या शांततेवर भावोजींचा हळूहळू विश्वास बसला. निरोप नाही म्हणजे बदल नाही. पान उघडलंच नाही तर प्रोग्राम तसंही दोघांच्या फोनवर कळवायचा, "दिसलं नाही" म्हणून. गप्प बसून फसवायचा नाही. एवढी काळजी तिने घेतली होती, आणि तिला त्याचा अभिमान होता.

मग शाळांचं काम आलं. सात शाळांच्या वर्षभराच्या वह्या, एकाच छापखान्याला. भाव बंद पाकिटात, पाकीट ठरल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, आणि एकदा दिलेला भाव वर्षभर बांधलेला. हे मिळालं तर छापखाना तरला. चुकीच्या भावात मिळालं तर बुडाला, कारण वह्यांत सुटतं ते शंभरामागे सहा, आणि बाकी जवळजवळ सगळा कागदच. ताईने आदल्या रात्री नुसतं विचारलं, "भाव नक्की ना गं?"

"नक्की," ती म्हणाली. "महिनाभरात कुठे काही हललेलं नाही. नदीकाठची गिरणी अजून सगळ्यांत स्वस्त."

त्या हिशोबानेच पाकीट तयार झालं. ताईने ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं कपाटात ठेवलं.

सकाळी ती उठली तर फोनवर निरोप: नदीकाठची गिरणी, दिसलं नाही. त्याखाली तोच निरोप. त्याखाली तोच. बोट दुखेपर्यंत तोच. ती खाली जाऊन बघणार तोच फोन वाजला.

"तुम्ही छापखान्याच्या का?" पलीकडून एक संथ, म्हातारा आवाज. "मी नदीकाठच्या गिरणीतून बोलतोय. वेबसाइट मीच बघतो. हिशोबही मीच बघतो, पण ते असो. घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो... का?"

"नाही, तुमचा तो प्रोग्राम. दीड वर्ष येतोय. दारावरची पाटी वाचतो, एक पान बघतो, थांबतो, दुसरं बघतो, जातो. मी मुलीला म्हणतोही, शीक जरा. आणि काल रात्रीपासून एकदम पिसाळलाय. दर मिनिटाला चाळीस पानं, न थांबता. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी अडकल्या. दुसरा कोणी असता तर दार लावून मोकळा झालो असतो. लावलंच आहे. पण तुम्ही नाव-नंबर सांगून येणारी माणसं, म्हटलं काहीतरी वाईट घडलं असणार, विचारावं."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खाली छापखान्याच्या कॉम्प्युटरवर भावोजींना नवी गिरणी टाकता यावी म्हणून तिनेच एक साधी यादी करून दिली होती. त्यातच लिहिलेलं होतं, थांबणे वीस, फेऱ्या दिवसाला दोन. तिला चित्र लख्ख दिसलं: भावोजी, कपाळावर चष्मा, वीस खोडून शून्य, आणि फेऱ्यांच्या दोनपुढे तीन शून्यं.

"माफ करा," ती म्हणाली. "आमच्याकडून चूक झाली. लगेच बंद करते."

"करा, करा. तसं आमच्याकडे रोज बघण्यासारखं काय असतं म्हणा. आता तो पॅक बदलला, तेवढंच."

"कुठला पॅक?"

"वह्यांच्या कागदाचा. पाचशेचा होता तो साडेचारशेचा केला मालकांनी. भाव तोच ठेवला. म्हणाले, भाव वाढवला की लोक ओरडतात." मग तो म्हणाला, "पानावर लिहिलंय हो. लपवलेलं नाही. वर्णनात."

तिने फोन ठेवला आणि धावतच खाली गेली. प्रोग्राम बंद केला. प्रत्येक फेरीचं अख्खं पान ती जपून ठेवायची. ती पानं उघडून मागे मागे गेली. गेल्या आठवड्यातल्या एका सकाळी "सर्वोत्तम शुभ्र, ५०० कागद" होतं. दुपारी "सर्वोत्तम शुभ्र, ४५० कागद". प्रोग्रामने ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तोंड मिटून बसला होता, कारण तिनेच त्याला तसं बजावलं होतं. गोदामात अजून जुना माल, पाचशेचा. म्हणून कोणाच्या हातालाही काही लागलं नव्हतं. कागद शंभराला अकरांनी महाग झाला होता, आणि कपाटातल्या पाकिटात सहा सुटत होते.

भावोजी दारात उभे होते. त्यांना मशीनच्या आवाजात वरचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं नसणार, पण चेहऱ्यावरून सगळं ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

"भावोजी, भाव चुकलाय," ती म्हणाली. "माझ्यामुळे. वर्णन बघू नको असं मी त्याला सांगितलं. कागद कमी झाले आणि मला कळलं नाही. मी ताईला नक्की म्हणाले होते."

भावोजी आत आले. "वर्णन बघू नको असं मी तुला सांगितलं होतं," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले. "आणि ते वीसचं शून्य, दोनाचे दोन हजार, तेही मीच केलं. रात्री झोप येईना. म्हटलं, शेवटच्या क्षणी भाव हलला तर? तुला उठवायचं जिवावर आलं."

"ते शून्य केलं नसतं तर त्यांचा फोन आला नसता."

"आणि तू नंबर टाकला नसतास तर?"

"तर नुसतं दार लागलं असतं."

"म्हणजे माझा मूर्खपणा आणि तुझी रीतभात," भावोजी म्हणाले. "बरं. पाकीट काढ."

ताईने पाकीट फाडलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. नव्या भावाने काम मिळणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी नवाच भाव लिहिला, आणि कारागीर सायकल दामटत पाकीट देऊन आला.

काम मिळालं नाही. ते पलीकडच्या गल्लीतल्या छापखानेवाल्या जाड्याला मिळालं. तोही नदीकाठच्याच गिरणीचा कागद घ्यायचा, आणि त्याचा भाव भावोजींच्या फाडलेल्या पाकिटातल्या भावाच्या अगदी जवळ होता. त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही. पाहुणीने बॅग काढून पलंगावर ठेवली. ताईने ती परत माळ्यावर टाकली.

प्रोग्राम तिने पुन्हा लिहिला. आता तो पॅकमधले कागद मोजायचा, वजन बघायचा, आणि दर कागदाला काय पडतं ते ताडायचा. फरक दिसला की काही वेळाने पुन्हा जाऊन खात्री करायचा, मगच बोलायचा. "शुभ्र"चं "अतिशुभ्र" झालं तर गप्प. थांबण्याचं तिने भावोजींनाच विचारलं.

"वीस कशाला, तीस ठेव," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं मशीन बारकं आहे."

तिने गिरणीला माफीचं पत्र पाठवलं. म्हाताऱ्याने दार उघडलं.

शाळा उघडायच्या आधी, एका दुपारी, जाड्या स्वतः छापखान्यात आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "तुमच्याकडे पाचशेवाला जुना माल आहे म्हणे."

"आहे थोडा," भावोजी म्हणाले.

"थोड्याने माझं भागायचं नाही. मी पार अडकलोय. गठ्ठे फोडले तेव्हा कळलं. सगळं काम केलं तर मी रस्त्यावर येईन, आणि सोडलं तर शाळा कोर्टात खेचतील." त्याने रुमालाने मान पुसली. "शाळांशी बोललोय. निम्मं काम तुम्ही घ्या, तुमच्या भावाने. ते तयार आहेत. तुमचं पाकीट त्यांच्याकडे आहेच, पण त्याला महिने झाले. आजचा भाव सांगा."

ताई कटिंग मशीनजवळ उभी होती. तिने मशीन बंद केलं. भावोजींनी कॉम्प्युटरपाशी बसलेल्या मेहुणीकडे बोट केलं.

"भाव मी नाही सांगत," ते म्हणाले. "या सांगतात."

जाड्याने वळून बघितलं. "या कोण? पाहुण्या का?"

"पाहुणी कसली," भावोजी म्हणाले. "घरातली आहे. भावाचं सगळं हीच बघते."

तिला एकदम रडू आलं, आणि भाव सांगायचा होता म्हणून तिने ते आवरलं. तिने आजचं पान उघडलं. कागद किती, वजन किती, दर कागदाला किती, सगळं परत एकदा वाचलं. जाड्या खुर्चीत चुळबुळत होता.

"अहो, लवकर सांगा ना," तो म्हणाला.

"थांबा," भावोजी म्हणाले. "आमच्याकडे थांबायची पद्धत आहे."

मग तिने भाव सांगितला, आणि ताईने मशीन पुन्हा सुरू केलं.