जेवणानंतर

सटवाजीचा गुडघा धरला, तेव्हा सेलूच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठीवरची इंग्रजी अक्षरं घरात कुणाला लागणार नाहीत, म्हणून औषध दुकानदार माधवरावांनी पाकिटावरच मराठीत लिहिलं, ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर.’

वालूरला घरी आल्यावर सटवाजीनं ते बायकोला, सुमनबाईला, वाचून दाखवलं. सकाळी तिनं भाकर-ठेचा पुढं ठेवला, तर तो म्हणाला, “ही न्याहारी झाली. इथं जेवण लिवलंय.”

तिनं वरण-भात केला. दुसऱ्या दिवशीही केला. पुढं तर त्याला सकाळी पिठलंही लागायलं. गुडघा मोकळा झाला, पण सुमनबाईची कंबर धरली.

बाजारच्या दिवशी तिनं पाकीट पदरात बांधलं आणि सेलूचं दुकान गाठलं.

“सायेब, जेवण म्हंजी ताट मांडूनच का?”

माधवरावांना आधी कळेना. सगळं ऐकल्यावर ते पोट धरून हसले. “अहो, पोट रिकामं नको एवढंच. सकाळी भाकर खाऊन घेतली तरी चालतं.”

“मंग तसं लिवा. माझं त्यो ऐकायचा न्हाई.”

त्यांनी जुनं खोडून ठळक लिहिलं, ‘सकाळी न्याहारीनंतर एक, रात्री जेवणानंतर एक.’

घरी सटवाजीनं पाकीट उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचलं. “अक्षर तर त्यांचंच हाय,” तो हिरमुसून म्हणाला.

सुमनबाईनं हसू दाबत त्याच्यापुढं भाकर वाढली. रात्री मात्र तिनं आपणहून पिठलं हाटलं.