लेपाची पुण्याई

सासूबाईंच्या पार्लरमध्ये दारासमोर एक उंच स्टूल होतं आणि त्या स्टुलावर सुनेनं बसायचं, असा चार वर्षांचा रिवाज होता. काम काय, तर दिसायचं. भुवया कोरायला, मेण लावायला दोन बायका होत्या. सुनेच्या मागच्या भिंतीवर तिचेच दोन मोठे फोटो होते. डावीकडे ‘आधी’, म्हणजे लग्नातली ती, हनुवटीभर मुरूम. उजवीकडे, बरोबर स्टुलाच्या वर, ‘नंतर’, म्हणजे घासूनपुसून ठेवलेल्या वाटीसारखा चेहरा. दोन्हींच्या मधोमध सासूबाईंच्या लेपाची बरणी. पांढरी माती, कसल्याशा सालींची पूड आणि भरपूर बडबड, एवढंच त्या लेपात होतं.

खरी गोष्ट सुनेच्या कपाटात, मोज्यांच्या खणात होती. लग्नानंतर महिन्याभरात ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. मूल एवढ्यात नको होतं आणि मुरूम तर अजिबात नको होते. बाईंनी रक्तदाब मोजला, सिगारेट, अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या असं सगळं विचारलं आणि रोजची गर्भनिरोधक गोळी लिहून दिली. गोळीनं शरीरातल्या पुरुषी हार्मोनचा जोर उतरतो, कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी सुस्तावतात, पण फरक दिसायला तीन महिने लागतील, सुरुवातीला थोडं वाढेलसुद्धा, असं त्या म्हणाल्या. तसंच झालं. पहिल्या महिन्यात चार मुरूम जास्त आले आणि चौथ्या महिन्यात हनुवटी स्वच्छ झाली. त्याच सुमारास सासूबाईंनी तिला धरून लेप थापायला घेतला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि कावळ्यानं दुकान थाटलं.

सून गप्प बसली. गप्प बसणं सोयीचं होतं. नातवंडाचा विषय निघाला की नवरा ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणून फोनमध्ये डोकं घालायचा. तिनं मनात त्याचं नाव लाडोबा ठेवलं होतं. आईसमोर त्याच्या तोंडून कधी उलट शब्द निघाला नव्हता आणि बायकोसमोर सुलट. फुकटच्या कौतुकावर चार वर्षं बसून खाल्लं, म्हणून तिला स्वतःचीही किळस यायची, पण ती फार वेळ टिकायची नाही.

मग यंदा तिला मूल हवंसं वाटायला लागलं. कुणी म्हणालं म्हणून नाही, तिला स्वतःला. पाकीट संपल्यावर तिनं नवं उघडलंच नाही. पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात सकाळी धुतलेले केस दुपारी तेलात बुडवल्यासारखे दिसू लागले. तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं खोल, ठणकणारे फोड आले. हात लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

एका गिऱ्हाइकानं सासूबाईंच्या कानात सांगितलं की असले फोड म्हणजे गोड बातमीच. सासूबाई विरघळल्या. त्यांनी स्वतः औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली आणि मोरीच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. पट्टीवर एकच रेघ आली. तेवढ्या पाच मिनिटांत त्यांची माया आली तशी गेली, आणि उरला तो दुकानाच्या पाटीचा रंग उडाल्याचा राग. कारण महिन्याभरानं सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांची एक मोठी साखळी त्यांचा लेप घ्यायचा की नाही हे ठरवणार होती, आणि खरेदीवाल्या बाईंनी ‘नंतर’चा चेहरा प्रत्यक्ष पाहायचा असं कळवलं होतं.

सुनेला तळलेलं बंद झालं. लेप दिवसातून दोनदा, तोही खसाखसा चोळून. त्यानं वरून कातडी ओढली जाऊन पापुद्रे निघायला लागले आणि खालून तेल होतं तसंच राहिलं. सुनेनं गुपचूप डॉक्टरीणबाई गाठल्या. हे अपेक्षितच आहे, त्या म्हणाल्या, गोळीनं मुरूम दाबून ठेवले होते, बरे केले नव्हते. मूल होण्याशी त्यांचा काही संबंध नाही. मूल हवंय म्हटल्यावर त्यांनी व्हिटॅमिन एची क्रीमं आणि गोळ्या पूर्ण वर्ज्य सांगितल्या, चालेल असं एक साधं मलम लिहिलं आणि चोळाचोळी आजपासून बंद करायला सांगितली.

संध्याकाळी सासूबाई वाटी घेऊन आल्या तेव्हा सुनेनं तोंड बाजूला घेतलं. तुझा लेपावर विश्वासच नाही, म्हणून तो लागू पडत नाही, असं त्यांनी सुनावलं. सून उठली, मोज्यांच्या खणातलं गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं आणि वाटीशेजारी ठेवून सगळं सांगितलं. लाडोबा पंख्याचा वेग कमीजास्त करत बसला.

आता नातवंडावरून रामायण होणार म्हणून सून तयारीत होती. चार वर्षं ज्या बाईनं दर पाळीला तोंड वाकडं केलं, ती आता आकाशपाताळ एक करणार, यात शंका नव्हती. सासूबाईंनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं.

"मग परत सुरू कर," त्या म्हणाल्या.

"आणि मूल, आई?"

"मूल काय पळून जातंय का? आधी ती बाई येऊन जाऊ दे."

सुनेनं शांतपणे सांगितलं की आज सुरू केली तरी तीन महिने जातील, आधी बिघडेलसुद्धा. सासूबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, ही गोळी कुटून लेपात घातली तर? वरून लावली की लवकर लागू पडत असेल ना? लाडोबानं पहिल्यांदाच मान वर केली आणि आयडिया वाईट नाही असं म्हणाला. या दोघांच्या रक्तातलं मूल आपल्याला हवंय, याचं सुनेला क्षणभर आश्चर्य वाटलं. पण हवं होतं. ते मूल तिचंही असणार होतं.

खरेदीवाल्या बाई आल्या त्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच तिच्या तोंडावर फाउंडेशनचा थर चढवला. बाई दारात दिसल्या तशी सून मोरीत गेली, तोंड धुतलं आणि बाहेर आली. स्टूल ‘नंतर’खालून ओढून तिनं ‘आधी’खाली ठेवलं आणि त्यावर बसली.

बाईंनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं. केस धुवायला बसलेली गिऱ्हाइकंही माना वळवून पाहू लागली.

"चेहरा गोळीनं साफ होता. गर्भनिरोधक गोळी," सून म्हणाली. "मला मूल हवंय, म्हणून बंद केली. लेपाचा काही संबंध नाही."

केसांना फेस लागलेली एक जण म्हणाली की गोळी सोडल्यावर तिचंही असंच झालं होतं, वर्ष लागलं. भुवया करायला आलेलीनं सांगितलं की सुरू केल्यावर तिचे गाल कोरडे ठक्क पडले. खरेदीवाल्या बाईंचा हात आपोआप स्वतःच्या वरच्या ओठाकडे गेला. तिथे तपकिरी डाग होते. गोळी घ्यायला लागल्यापासूनचे, त्या म्हणाल्या, उन्हात गेलं की गडद होतात. बरणीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी कराराचे कागद पर्समध्ये ठेवले आणि चेन ओढली.

लेप गेला हे सासूबाईंच्या ध्यानात आलं. सून हसायला तयार होती, निदान आज तरी ही बाई तोंडघशी पडेल म्हणून. सासूबाईंनी पदर सावरला, पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत सुनेच्या ठणकणाऱ्या हनुवटीला हात लावला.

"मीच बंद करायला लावली हो तिला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तोंडाचं काय घेऊन बसलीस, आधी नातू हवा मला."