आईच्या गुडघ्याने मिटलेले दार

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. माझ्या पोटात दिवा आहे, पण तो दार उघडल्यावरच लागतो. म्हणून या घरातले मी जे पाहिले, ते माझ्या दाराशी आलेल्या माणसांचेच पाहिले. बाकीचे येत, बाटली उचलत, दार ढकलून चालू लागत. थांबायची ती फक्त आई.

मी नवा कोरा आलो, तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून मला दाखवले होते. मला वाटले, घर आता माझ्याच जिवावर चालणार. कशाचे काय! मी नुसता गारवा देत होतो.

पहाटे दार उघडून आई आत एक नजर फिरवी. कालचे दूध पुढे येई, आजचे मागे जाई. मऊ पडलेला टोमॅटो आधी चिरला जाई. शाळेतून येणाऱ्या मुलीचा डबा तिच्या हाताला लागेल अशा खालच्या कप्प्यात ठेवला जाई. आजोबांना मधुमेह होता. त्यांच्या इन्सुलिनची बाटली दाराच्या कप्प्यात, बर्फापासून लांब असे. टोचण्याआधी आई ती थोडा वेळ बाहेर काढून ठेवी, मग दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवी, कारण गार औषध जास्त झोंबते. आजोबा सगळ्यांना सांगत, "सूनबाई सुई कधी टोचते ते कळतच नाही."

पुढे माझे वय झाले. दाराचे रबर सैल पडले. दार लागल्यासारखे दिसे, पण लागत नसे. आईचे हात नेहमी भरलेले, म्हणून ती खालच्या कोपऱ्यात गुडघा दाबी. दुसरे कुणी दार ढकलून गेले, की त्याच्यामागून येऊन पुन्हा गुडघा. हे तिने कुणाला सांगितले नाही, कुणी पाहिलेही नाही. उलट पाहुण्यांपुढे माझेच कौतुक होई, "जुना माल तो जुना माल! अजून ठणठणीत आहे." आणि मी निर्लज्जासारखा फुशारून जाई.

मग आईच्या बहिणीचे ऑपरेशन ठरले आणि आई तिच्याकडे गेली. लगेच दूध नासले.

"याने मान टाकली," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझे बटण शेवटपर्यंत फिरवले. औषध खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती बाटली उचलून वर, बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली. काळजीनेच ठेवली. मी घुरघुरलो, पण माझी घुरघुर कुणाला कळणार?

आता सुई बाबाच टोचत, तरी आजोबांची साखर चढू लागली. त्यांना सारखी तहान लागे, तोंड कोरडे पडे. रोज पेपरमधल्या बातम्यांशी भांडणारा माणूस गप्प पडून राहिला. मी फार घाबरलो. शेवटी बाबांनी मुलीला घेऊन माझ्यासमोरच उभे राहून आईला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"अगं, अण्णांची साखर उतरतच नाहीये. इन्सुलिन थोडं वाढवू का?"

"थांबा. बाटली कुठे ठेवलीय?"

"वर, बर्फाला लावून. गार राहावी म्हणून."

"अहो, गोठली असेल ती! एकदा गोठली की तिच्यातला गुण जातो. टाकून द्या. दुकानातून नवीन आणा आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करा. मनानं काही वाढवू नका. पण ती जागेवरून हलवलीच कशाला?"

"फ्रीज बिघडलाय ना."

"दार खालच्या कोपऱ्यात गुडघ्यानं दाबताय ना?" आईने विचारले.

बाबांनी मुलीकडे पाहिले, मुलीने बाबांकडे. "कसला गुडघा?"

मुलगी खाली वाकली. माझ्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंग उडून एक गोल खूण पडली होती, बरोबर आईच्या गुडघ्याच्या उंचीवर. मुलीने तिच्यावर हात ठेवला. बाबाही फोन हातात घेऊन तिच्या शेजारी वाकले.

नवे औषध आले. डॉक्टरांनी सांगितले तसे दिले. आजोबा उठून बसले आणि बातम्यांशी पुन्हा भांडू लागले. मेकॅनिकने येऊन माझे रबरही बदलले. ते काम चहा गार व्हायच्या आत झाले.

आई परत आली, तेव्हा बाबांनी विचारले, "आम्हाला माहीत नाही असं आणखी काय काय करतेस तू?"

"काही नाही हो. घरातलंच," असे म्हणता म्हणता तिने दुधाचा वास घेतला, भांडे पुढे सरकवले, गळणारी वाटी पुसली, कोथिंबिरीतली पिवळी काडी काढली आणि आजोबांची बाटली बाहेर ठेवली. तिघेही तिच्या हातांकडे बघत होते. मला तर ते हात रोज दिसत होते, तरी त्या दिवशी मीही थक्क झालो.

"सूनबाई, जरा हळू कर," आजोबा म्हणाले. "आम्हाला बघू तरी दे."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी सांगत नाही. माझे रबर बाजारात मिळते. पण तुमच्या घरात जे काही आपोआप चालते असे वाटते, त्याच्यासमोर एकदा वाका आणि तिथे कुणाची खूण पडली आहे ते बघा.