खिशातली बाई

दुकानात सगळे त्यांना चष्मेबुवा म्हणत, आणि गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या नाकावर कधी चष्मा चढला नव्हता. फ्रेम विकण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक आरशापुढे बसायच्या आत त्याच्या चेहऱ्याला काय शोभेल ते सांगून ते मोकळे होत. घोडं अडायचं ते इंग्रजीपाशी. रस्त्यापलीकडे मोठाली ऑफिसं झाली, परदेशी माणसं येऊ लागली, आणि तसं कोणी दारात दिसलं की बुवांची बोबडी वळायची.

"बुवा, तुम्ही जुने म्हणून तोंडावर सांगतो," मालक म्हणाले. "या लोकांशी बोलता येईना तर काउंटरवर दुसरं माणूस बसवावं लागेल मला."

घरी लेकीनं त्यांच्या फोनवर इंग्रजी बोलण्याचा सराव करायचं ॲप टाकून दिलं. त्यात 'दुकानदार आणि गिऱ्हाईक' असा धडा होता. आपण दुकानदार, आणि फोनमधला बाईचा आवाज गिऱ्हाईक. ती इंग्रजीत विचारणार, आपण इंग्रजीत उत्तर द्यायचं. शेवटी गुण, कुठं अडखळलात त्याचा हिशेब, आणि झालेलं सगळं संभाषण लिहून समोर. एखादं वाक्य बोटानं दाबलं की त्याचं मराठी उमटायचं, आवाजही पुन्हा ऐकू यायचा.

"बाबा, लाजू नका हं. ती काही खरी बाई नाही," लेक हसत म्हणाली.

बुवांनाही ते कळत होतं. पण दुपारी दुकान थंडावलं की ते डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत जायचे, कानात एक इअरबड घालायचे, आणि समोरच्या आरशात तपासणीच्या पाटीवरची उजळलेली अक्षरं बघत बसायचे. बाई बोलू लागली की त्यांना वाटे, ती मागच्या खुर्चीवर येऊन बसली आहे. ती कधी चिडायची नाही, कधी घाईत नसायची. बुवा गप्प झाले तर क्षणभर थांबून हळूच विचारायची, "आर यू स्टिल देअर?" तुम्ही आहात ना अजून? तेव्हा बुवांच्या मानेवर काटा यायचा आणि ते उगाच मागे वळून बघायचे. मागे रिकामी खुर्चीच असायची.

एक गोष्ट मात्र त्यांनी चटकन हेरली. अडखळलं की गुण कापले जात. न अडखळता ठणठणीत आवाजात "नो प्रॉब्लेम, मॅडम!" म्हटलं की आत्मविश्वासाचा पट्टा हिरवा व्हायचा. मग काय, बाईनं काहीही विचारो, अर्थ लागो न लागो, बुवांचं उत्तर ठरलेलं. विकायची सवय जुनीच होती, तिला आता इंग्रजी झूल मिळाली.

त्या दिवशी बुवा असेच आत बोलत बसले होते आणि बाहेर दार वाजलं. फोनमधल्या बाईला मध्येच तोडणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कानातला इअरबड काढून फोनसकट शर्टाच्या खिशात टाकला आणि बाहेर आले. सराव बंद करायचा राहूनच गेला.

दारात एक परदेशी वृद्धा उभी होती. मागच्या इमारतीत एकटी राहायची. हातात चष्म्याच्या नंबरचा जुना कागद. फ्रेम निवडून झाली, दुकानाच्या कार्डावर तिचा पत्ता-फोन लिहून झाला. मग ती थांबली आणि काहीतरी लांबलचक सांगू लागली. सांगताना तिचा हात डाव्या डोळ्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा खाली येत होता. बुवांना त्यातलं 'ग्लासेस' तेवढं कळलं.

"नो प्रॉब्लेम, मॅडम!" ते छाती पुढे काढून म्हणाले. "न्यू ग्लासेस, ऑल क्लिअर!"

तेवढ्यात त्यांच्या छातीपाशी काहीतरी कुजबुजलं. बारीक, अगदी किड्याच्या आवाजासारखं. बुवांनी खिशावर थाप मारली. वृद्धेनं पुन्हा काहीतरी विचारलं, बुवांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि खिशात पुन्हा कुजबुज झाली. या वेळी ती जास्त वेळ चालली. वृद्धेच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, ती हसली, बुवांचा हात हातात घेऊन गेली.

ती गेल्यावर त्यांनी फोन काढून सराव संपवला आणि बघतात तर काय, एक्याण्णव गुण! साठाच्या वर ते कधी गेले नव्हते. खाली शाबासकीही होती की आज तुमच्या बोलण्यात फार नैसर्गिक वाक्प्रयोग आले. बुवांना आभाळ ठेंगणं झालं. मालकांना दाखवलं, घरी बायकोला दाखवलं.

"अहो, इतकं चांगलं काय बोललात तरी?" बायकोनं विचारलं.

"आलं आपोआप," बुवा म्हणाले. कौतुकाच्या भरात पुढचं वाचायचं कोणाला सुचतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच खोलीत, आपलं ते नैसर्गिक बोलणं होतं तरी काय हे बघायला त्यांनी संभाषण उघडलं. 'तुम्ही' असं लिहिलेल्या पहिल्याच लांब वाक्यावर बोट ठेवलं. फोनमधून त्या वृद्धेचा आवाज आला. नाव बुवांचं, आवाज तिचा. अंगावर सर्रकन काटा आला. ॲपला माणसं ओळखता येत नव्हती, खिशात जे ऐकू आलं ते सगळं त्यानं बुवांच्या नावावर मांडलं होतं. खाली मराठी उमटलं:

'कालपासून माझ्या डाव्या डोळ्यापुढे ठिणग्या चमकतात आणि कडेनं काळा पडदा खाली उतरतो आहे. नव्या चष्म्यानं हे जाईल ना?'

त्याखाली बुवांचं ठरलेलं उत्तर, आणि मग खिशातल्या बाईचं उत्तर होतं. ती आपलं गिऱ्हाईकपण विसरली होती. 'हे गंभीर असू शकतं. कृपा करून आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.'

मग वृद्धेचा पुन्हा तोच प्रश्न, त्यावर पुन्हा 'तुम्ही': 'नो प्रॉब्लेम, मॅडम!' आणि पुन्हा बाई: 'नाही, थांबू नका. डोळा जाऊ शकतो. मी विनवते तुम्हाला.'

दुकानात डोळे तपासायला येणाऱ्या ताईंनी बुवांना बजावून ठेवलं होतं, "बुवा, ठिणग्या आणि पडदा म्हटलं कोणी, की चष्मा विकायचा नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल." मराठीत कोणी हे सांगितलं असतं तर बुवांनी त्याला स्वतः गाडीत बसवलं असतं.

त्यांनी कार्डावरचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदाही कोणी उचलला नाही. मग दुकान तसंच मालकांवर टाकून ते मागच्या इमारतीकडे धावत सुटले, जिने चढले, दार ठोठावलं.

दार उघडलं. वृद्धेनं मान डावीकडे पुरी वळवून उजव्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. चष्मा घ्यायला तिनं हात पुढे केला. बुवांचे हात रिकामे होते.

"डॉक्टर," ते तिच्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "आय डॉक्टर. मॅडम, नाऊ. प्लीज."

त्यांच्या तोंडाकडे बघूनच ती समजली. तिनं डाव्या डोळ्यापुढे तळहात वरून खालपर्यंत आणला, अगदी खालपर्यंत, आणि आता काहीच दिसत नाही अशी मान हलवली. बुवांनी तिचा दंड धरला, पायरी पायरी मोजत खाली आणलं, गाडी थांबवली.

हॉस्पिटलच्या वाटेवर ती त्यांच्याकडे वळली आणि सावकाश, सोप्या शब्दांत बोलू लागली. काल मी फार घाबरले होते. तुमच्याकडून डॉक्टरकडेच जाणार होते. पण तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत, की मी घरी जाऊन शांत झोपले.

एखाद्या इंग्रजी गिऱ्हाइकाचा शब्दन् शब्द बुवांना कळला, तो त्या दिवशी पहिल्यांदा.