कोणत्या पत्त्यावरून

तिच्या मोबाइलवर घरचं मेल अकाउंट नवऱ्यानंच लग्नानंतर घालून दिलं होतं. तेच त्याच्या मोबाइलवर होतं, घरच्या कॉम्प्युटरवरही होतं. "आपल्यात काय लपवायचंय?" असं तो म्हणायचा, आणि ती लपवायला शिकली होती. हातावरचे वळ लांब बाह्यांखाली, रडणं नळाच्या आवाजाखाली.

ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायची. लहान मुलंसुद्धा तिच्यापुढे हात करायची, इतका हात हलका. रिसेप्शनवरची मैत्रीण, जिला तिच्या अखंड बडबडीमुळे सगळे चिमणी म्हणत, तिनंच एकदा दूरच्या गावातल्या हॉस्पिटलची जाहिरात दाखवली. लॅबमध्ये जागा, शिवाय राहायला खोली.

"लेकीला घेऊन नीघ," चिमणी म्हणाली. "अर्ज मात्र घरच्या मेलवरून करू नकोस, माझे आई!"

जेवणाच्या सुट्टीत चिमणीनं तिला नवं अकाउंट काढून दिलं आणि त्याच ॲपमध्ये जोडलं. मग सेटिंगमध्ये जाऊन नवा मेल नेहमी याच पत्त्यावरून जाईल असं ठरवून दिलं. "आता डोळे झाकून पाठव."

पण घरी नवरा मोबाइल तपासायचा. म्हणून ती रोज निघताना सेटिंगमध्ये नव्या अकाउंटचा मेल बंद करायची आणि सकाळी कामावर आली की परत चालू. बंद केल्यावर ॲपमध्ये त्याचा मागमूस राहत नसे. ही युक्ती तिची स्वतःची, आणि तिला तिचं जरा कौतुकही वाटत होतं.

हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंची उत्तरं येऊ लागली. ती त्यांना उत्तर द्यायची, ते बिनबोभाट नव्या पत्त्यावरूनच जायचं, कारण ज्या अकाउंटवर मेल येतो त्यावरूनच त्याचं उत्तर निघतं. शेवटी बाईंनी लिहिलं, 'प्रमाणपत्रांचे फोटो पाठवा, जागा तुमचीच समजा.'

तिनं फोटो काढले आणि बाईंच्या मेलला उत्तर न देता गॅलरीतूनच नवा मेल करून धाडले. दाराशी पेशंट ताटकळत होते. पाठवणाऱ्याचा पत्ता स्क्रीनवर समोर होता, पण तिकडे नजर गेलीच नाही.

त्यानंतर उत्तर येईना. आठवडा सरला. नवरा त्या दिवसांत विलक्षण शांत होता. ताटात मीठ कमी पडलं तरी काही बोलला नाही. तिला वाटलं, चला, सुटका.

अखेर चिमणीच्या मोबाइलवरून तिनं मेट्रनबाईंना फोन लावला.

"अहो, तुम्हीच तर नको म्हणालात," बाई म्हणाल्या. "तब्येत बरी नसते, घर सोडवत नाही, असं लिहिलंत ना? कालच दुसरी मुलगी रुजू झाली."

"मी नाही लिहिलं."

"तुमचाच पत्ता होता. ज्यावरून फोटो आले तोच."

तिनं आपल्या मोबाइलवर घरचं अकाउंट उघडलं, पाठवलेले मेल पाहिले. तिचे फोटो तिथंच होते. त्यावर तिच्या नावानं लिहिलेला, अतिशय सभ्य भाषेतला नकार. पुसायचीही तसदी त्यानं घेतली नव्हती.

तिनं आपली रोजची बंद-चालूची युक्ती सांगितली, तेव्हा चिमणीनं सेटिंग उघडून कपाळावर हात मारला. "अगं, नवा मेल कुठून जाणार, ते परत घरच्या अकाउंटवर गेलंय! नवं बंद केलंस की उरलेलं एकच राहतं, मग ॲप तेच धरतं. नुसतं नवं चालू करून भागत नाही, हेही पुन्हा निवडावं लागतं. मला सांगायचंस तरी."

पण काय सांगायचं, हे तिला ठाऊकच कुठं होतं?

फोन चालूच होता. मेट्रनबाईंनी सगळं ऐकलं होतं. आवाज उतरवून म्हणाल्या, "पुन्हा जागा निघाली तर कुठं कळवू?" तिनं नवा पत्ता एकेक अक्षर करून सांगितला. चिमणी म्हणाली, "आज घरी जाऊ नकोस." पण लेक घरी होती.

नवऱ्यानं दार उघडलं. लेकीला आतल्या खोलीत पाठवलं. टेबलावर तिच्या प्रमाणपत्रांचे तुकडे नीट एकावर एक रचून ठेवले होते.

"तब्येत बरी नाही म्हणे तुझी?" तो म्हणाला, आणि हात पुढे केला. तिनं मोबाइल दिला. नंतर जे झालं, त्यात ती ओरडली नाही. भिंतीपलीकडे लेक जागी होती.

तिला मोबाइल परत मिळाला नाही. लॅबमध्ये मात्र जाऊ दिलं, पगार हवा होता. तिथं ती रोज चिमणीच्या मोबाइलवर नवं अकाउंट उघडते, इनबॉक्स पाहते आणि बाह्या खाली ओढून सुई हातात घेते. वर्ष होत आलं. मेट्रनबाईंकडे जागा अजून निघालेली नाही.